अजून न झालेल्या प्रयोगांची दोन पानं

शोधनिबंधात झालेल्या प्रयोगांची हकीकत असते. प्रबंधातही तेच, फक्त पानं जास्त. पण विज्ञानाच्या जगात एक कागद असा आहे, की त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग अजून घडलेलाच नसतो आणि तरीही तो वाचणाऱ्याला पटावा लागतो! पीएच.डी. संपत आली की पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून काम करायला मिळावं, यासाठी अर्ज करतात. त्या अर्जात बायोडेटाबरोबर हा कागद जातो. त्याला रिसर्च स्टेटमेंट म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला दोन पानं मिळतात, फार तर तीन.

दोन पानं म्हणजे साधारण हजार शब्द. तेवढ्यात सांगायचं काय? आजवर काय केलं, पुढे काय करायचं आहे आणि ते तुमच्याच लॅबमध्ये का. वाचणाऱ्या लॅबप्रमुखांनी बहुधा तुम्हाला पाहिलेलंही नसतं. तरी त्यांनी तुम्हाला पगार, कामाची जागा, महागडी उपकरणं आणि स्वतःचा वेळ द्यायचा असतो. न झालेल्या प्रयोगांवर कुणाचा विश्वास बसतो तरी कसा?

बसतो. आणि तो कसा बसतो हे एका उदाहरणातून उलगडत गेलं की थक्क व्हायला होतं.

समजा, एक मुलगी सह्याद्रीतल्या कातळसड्यांवरच्या गवतावर पीएच.डी. करते आहे. ती आणि तिचे निष्कर्ष मी उदाहरणापुरते रचले आहेत, पण तिची वनस्पती अगदी खरी आहे. सड्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. अशा जागी ट्रायपोगॉन नावाचं एक बारीक गवत राहतं. पाऊस संपला की ते वाळून तपकिरी होतं. बोटांत धरलं तर चुरा होईल इतकं. मग पहिला पाऊस पडतो आणि तीच वाळलेली पानं पुन्हा हिरवी होतात. नवी पानं फुटतात असं नव्हे, जुनीच जिवंत होतात! बहुतेक झाडांच्या पानातलं पाणी निम्म्याच्या खाली गेलं की पान कायमचं मरतं. या गवताच्या पानात पूर्ण भरलेल्या अवस्थेच्या दहा टक्केसुद्धा पाणी उरलेलं नसतं, तरी ते परत येतं. अशा वनस्पतींना पुनरुज्जीवी वनस्पती म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातून अशा साठाहून अधिक जातींची नोंद केली आहे.

आता या मुलीनं आपलं आजवरचं काम कसं लिहावं? पहिला खर्डा बहुतेक जण लिहितात तसाच तीही लिहिते: 'माझ्या पीएच.डी.च्या काळात आम्ही सड्यांवरच्या ट्रायपोगॉनच्या शुष्कता-सहनशीलतेचा अभ्यास केला. पाण्याचं प्रमाण, प्रकाशसंश्लेषण, शर्करा आणि प्रथिनं यांचं मापन करण्यात आलं. या कामातून दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले.'

यात खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? मोजमाप झालं, एवढंच. काय सापडलं ते कळलं नाही. आणि 'आम्ही' म्हणजे कोण? 'करण्यात आलं' म्हणजे कुणी केलं? आपल्याकडे 'मी केलं' म्हणायला जीभ अडखळते, गाइडच्या आणि सहकाऱ्यांच्या मागे उभं राहणं सभ्यपणाचं वाटतं. तो स्वभाव चांगलाच आहे. पण लॅबप्रमुखांना नेमकं हेच शोधायचं असतं, की सात लेखकांच्या निबंधात या व्यक्तीच्या हातून काय झालं. 'आम्ही'मध्ये ते हरवतं. म्हणून पहिली दुरुस्ती व्याकरणातली: स्वतः केलं तिथे 'मी', सगळ्यांनी मिळून केलं तिथे 'आम्ही', आणि दुसऱ्यानं केलं तिथे त्या दुसऱ्याचा स्पष्ट उल्लेख.

दुसरी दुरुस्ती याहून खोल जाते. तिच्या वहीत खरोखर काय होतं ते पाहा. ती पानं वाळवत होती, पाणी देत होती आणि ती परत जिवंत झाली की नाही हे तपासत होती. तपासायची रीत मोठी सुंदर आहे. पान थोडा वेळ अंधारात ठेवायचं आणि मग त्यावर प्रकाशाचा एक झोत टाकायचा. पानातलं हरितद्रव्य त्यातला थोडा प्रकाश लालसर चमकेच्या रूपात परत फेकतं. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा शाबूत असेल, तर त्या चमकेवरून निघणारं गुणोत्तर 0.8 च्या आसपास येतं. यंत्रणा मोडली असेल तर ते खाली घसरतं. पान न तोडता, न जाळता काही क्षणांत कळतं की ते आतून जिवंत आहे की नाही!

तर ऑक्टोबरमध्ये सड्यावरून आणलेली पानं तिनं वाळवली, भिजवली, आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा 0.8 जवळ आला. जुलैमध्ये, भर पावसात आणलेली त्याच गवताची पानं तिनं त्याच वेगानं वाळवली, तसंच पाणी दिलं, आणि ती मेली. तेच गवत, तोच सडा, तोच वाळवण्याचा वेग. फरक फक्त महिन्याचा.

थांबा इथे जरा. याचा अर्थ असा की मरून परत येण्याची ही क्षमता त्या गवतात कायम चालू नसते. ते ती गरजेच्या वेळी चालू करतं. मग त्याला कळतं कसं की आता पावसाळा संपत आला? दिवस लहान होत चालल्याचं त्याला जाणवतं का? की सप्टेंबरमधली चार-सहा दिवसांची उघडीप, थोडीशी तहान, हाच त्याला इशारा असतो?

बघा, निष्कर्ष नीट सांगितल्याबरोबर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. रिसर्च स्टेटमेंटची सगळी किमया मला या ठिकाणी दिसते. मागचं काम म्हणजे पूर्ण झालेल्या गोष्टींची यादी नसते. ते अशा जागी आणून सोडायचं असतं, की वाचणाऱ्यानंच विचारावं, 'मग पुढे?' म्हणून अनुभवी लोक हा कागद उलटा लिहितात. आधी पुढचा प्रश्न ठरवतात आणि मग मागच्या पाच वर्षांतलं तेवढंच निवडतात, जे त्या प्रश्नापर्यंत नेतं. या मुलीनं शर्करेवर वर्षभर मेहनत केली असेल, पण ती या प्रश्नाकडे नेत नसेल तर तिला एक ओळ पुरे. जुलै आणि ऑक्टोबरच्या फरकाला मात्र अख्खा परिच्छेद आणि एक छोटा आलेख. हे निवडणं जिवावर येतं, कारण शर्करेचे ते महिने खरे असतात. पण ते महिने बायोडेटात आणि निबंधांच्या यादीत आहेतच.

आता भविष्याकडे जाऊ. इथे बहुतेक खर्डे एका विशिष्ट जागी कोसळतात आणि लिहिणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. तिचा पहिला आराखडा असा होता. उद्दिष्ट एक: सहनशीलता चालू करणारा इशारा शोधणं. उद्दिष्ट दोन: त्या इशाऱ्यामुळे जागी होणारी जनुकं शोधणं. उद्दिष्ट तीन: त्यातलं मुख्य जनुक बंद करून काय होतं ते पाहणं.

किती सुबक दिसतं! पण पहिलं उद्दिष्ट फसलं तर? इशारा सापडलाच नाही, तर दुसरं सुरूच होत नाही आणि तिसऱ्याला अर्थ उरत नाही. अडीच वर्षांची नेमणूक एका खिळ्यावर टांगलेली. सरावलेल्या वाचकाची नजर पहिली तिथेच जाते. शिवाय 'शोधणं' या क्रियापदात कधी थांबायचं हेच सांगितलेलं नाही. कोणता आकडा आला म्हणजे सापडलं म्हणायचं?

दुरुस्ती कशी होते ते पाहा. ती चार गट करते. एका गटाला लांब दिवस आणि भरपूर पाणी, दुसऱ्याला लहान दिवस आणि भरपूर पाणी, तिसऱ्याला लांब दिवस आणि थोडी तहान, चौथ्याला लहान दिवस आणि थोडी तहान. मग चारही गट एकाच वेगानं वाळवायचे, भिजवायचे आणि चमकेचा आकडा मोजायचा. दिवसाची लांबी हाच इशारा असेल तर दुसरा आणि चौथा गट जगेल. तहान हाच इशारा असेल तर तिसरा आणि चौथा. दोन्ही लागत असतील तर फक्त चौथा. आणि चारही मेले तर? तर इशारा तिसराच काही आहे, बहुधा पानाचं वय किंवा तापमान, आणि तिच्या वहीतल्या ऑक्टोबरच्या नोंदींवरून ते पुढे तपासता येईल.

पाहिलंत? प्रयोग अजून झालेलाच नाही, पण त्याचं प्रत्येक संभाव्य उत्तर आणि त्या उत्तराचा अर्थ आधीच कागदावर आहे. न झालेल्या प्रयोगावर विश्वास बसतो तो असा. लिहिणाऱ्यानं सगळ्या वाटा चालून पाहिल्या आहेत आणि एकही वाट भिंतीवर आदळत नाही, हे वाचणाऱ्याला दिसतं. जनुकांचं दुसरं उद्दिष्टही आता पहिल्याच्या निकालासाठी अडून राहत नाही. चारही गटांची पानं वाळवण्याआधीच गोठवून ठेवली, की कोणता गट जगला हे नंतर कळलं तरी चालतं. जगलेल्या आणि मेलेल्या गटांची तुलना होणारच. तिसरं उद्दिष्ट, जनुक बंद करण्याचं, ती दोन ओळींवर आणते आणि सरळ लिहिते की हे तिसऱ्या वर्षात, तेही आधीच्या निकालावर अवलंबून. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. वाचणारे स्वतः त्या क्षेत्रात मुरलेले असतात. रानटी गवतात जनुक बंद करणं किती अवघड असतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे का, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

राहिला शेवटचा भाग: तुमच्याच लॅबमध्ये का? तो सगळ्यात छोटा आणि सगळ्यात वाईट लिहिला जाणारा. 'आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली तर ते माझं भाग्य असेल. आपल्या अत्याधुनिक सुविधांचा मला खूप फायदा होईल.' छापील लग्नपत्रिका सगळ्यांना एकच आणि पाकिटावर नाव तेवढं वेगळं, तशातला हा प्रकार. ओळखायची खूण सोपी आहे. त्या परिच्छेदातलं लॅबचं नाव खोडून दुसऱ्या लॅबचं नाव घाला. परिच्छेद तरीही बरोबर वाटला, तर त्यात काहीच सांगितलेलं नाही.

मग जुळणी दाखवायची कशी? तिनं निवडलेली लॅब ओरोपेटियम या गवतावर काम करते असं धरू. हेही मरून जगणारं गवत, आफ्रिकेत आणि आपल्या भारतातही आढळणारं. 2015 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो आहे सुमारे साडेचोवीस कोटी अक्षरांचा. माणसाचा तीनशे कोटींच्या घरात, भाताचा साधारण चाळीस कोटी. म्हणजे इतका चिमुकला जनुकसंच आणि त्यात मरून उठण्याची सगळी सूचनावली! अशा लॅबकडे काय काय असेल? जनुकसंच असेल, वाळताना कोणती जनुकं जागी होतात हे वाचण्याची यंत्रणा असेल, तापमान आणि प्रकाश काटेकोर ठेवणाऱ्या वाढकक्षांच्या रांगा असतील.

आणि काय नसेल? पावसाळा!

हे लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो. त्या कक्षांमध्ये वर्षभर तोच प्रकाश, तेच पाणी. झाडं नेहमी एकाच ऋतूत वाढतात. सहनशीलता ऋतूप्रमाणे चालू-बंद होते हा प्रश्न तिथे कितीही हुशार माणसांना दिसणं कठीण, कारण तो दाखवणारा जुलै तिथे कधी येतच नाही. उलट या मुलीला तो सड्यावर लख्ख दिसला, पण जनुकांपर्यंत पोचायचं साधन तिच्याकडे नाही. तिच्याकडे प्रश्न आणि तो मोजण्याची रीत, त्यांच्याकडे जनुकसंच आणि कक्ष. दोघांनाही एकेकट्यानं जे जमणार नाही ते सांगणारी तीन-चार वाक्यं म्हणजे जुळणीचा परिच्छेद. आता त्यात दुसऱ्या लॅबचं नाव घालून पाहा. घालता येत नाही.

या परिच्छेदात एक अवघड गोष्टही यायला हवी, आणि ती बरेच जण विसरतात. सड्यावरचं गवत पिशवीत भरून परदेशी नेता येत नाही. जैवविविधता कायदा 2002 मध्ये आला. भारतातला जैविक नमुना संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ती लिहिते की चार गटांचा प्रयोग ती आधी त्या लॅबमध्ये असलेल्या ओरोपेटियमवरच करेल, आणि ट्रायपोगॉनसाठी परवानगीचं काम पहिल्या महिन्यापासून समांतर चालू ठेवेल. ओरोपेटियमही ऋतूनुसार बदलत असेल तर दोन गवतांची तुलना मिळेल. बदलत नसेल तर तो फरक स्वतःच नवा शोध ठरेल. दोन वाक्यांत तिनं दाखवून दिलं, की ही योजना विमानतळावर अडकणार नाही.

जुळणी न सांगितल्यामुळे काय होऊ शकतं याचं एक विलक्षण उदाहरण इतिहासात आहे. मार्च 1901 मध्ये एका बेकार तरुणानं लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड या नामांकित रसायनशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. आपला केशाकर्षणावरचा निबंध सोबत जोडला, तो तुमच्याच ग्रंथामुळे सुचला असं सांगितलं, आणि मोजमापं जाणणाऱ्या एका गणिती भौतिकतज्ज्ञाचा तुम्हाला काही उपयोग होईल का, असं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं पुन्हा लिहिलं. मग त्याला न सांगता त्याच्या वडिलांनीही लिहिलं. नोकरी मिळाली नाही. तो तरुण म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन! त्या पत्रात झालेलं काम होतं, आदर होता, पण तिथे येऊन कोणता प्रश्न सोडवणार याचा मागमूस नव्हता. प्रश्न असता तर नोकरी मिळालीच असती असं म्हणता येणार नाही. ओस्टवाल्ड यांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र त्या पत्रात हो म्हणायला काहीच नव्हतं. आणि आश्चर्य म्हणजे 1910 मध्ये आइन्स्टाइनचं नाव नोबेलसाठी सगळ्यात आधी सुचवलं ते याच ओस्टवाल्ड यांनी. नऊ वर्षांत त्यांच्यापुढे काम आलं होतं.

आता तिचं पहिलं वाक्य उरलं, आणि ते सगळ्यात शेवटी लिहायचं. 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक गठ्ठ्यात सापडतं, म्हणून ते काढलं. त्याजागी आलं: 'सड्यावरचं एक गवत ऑक्टोबरमध्ये पूर्ण वाळूनही जगतं आणि जुलैमध्ये तसंच वाळवलं तर मरतं, ते ही क्षमता कशाच्या इशाऱ्यावर चालू करतं, हे मला शोधायचं आहे.' वाक्य जरा लांब आहे, पण यात झालेलं काम आहे, पुढचं काम आहे आणि वाचणाऱ्यानं दुसरी ओळ वाचावी असं कारणही आहे.

तुमच्यापैकी कुणी असा कागद लिहायला बसला असाल, तर पाठवण्याआधी एक करा. तो वेगळ्या विषयातल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि काढून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून विचारा की मला काय शोधायचं आहे आणि ते मी तिथेच जाऊन का शोधणार. त्याला दोन्ही सांगता आलं तर कागद पाठवून द्या. नाही आलं, तर त्याला समजावत बसू नका. पहिला आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहा.